भिंतीच्या ओलीची तक्रार गृहनिर्माण संस्थेकडे : अर्ज नव्याने मांडून हवा आहे

प्राची_मनीषनगर | २ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. आमची इमारत मनीष नगर भागात असून सोळा सदनिकांची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या मागच्या शयनकक्षाची एक भिंत डक्टला लागून आहे आणि त्या डक्टमधून सर्वांचे सांडपाण्याचे व पावसाच्या पाण्याचे पाइप खाली जातात. या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली, प्लास्टर फुगले आणि त्या भिंतीला टेकवलेल्या कपाटाची मागची फळी कुजली. समितीचे म्हणणे असे की हा दोष वरच्या सदनिकेच्या न्हाणीघराचा आहे, तेव्हा त्यांच्याशीच बोलावे. वरचे कुटुंब म्हणते की आमच्याकडे काहीच गळत नाही.

मी समितीला पुन्हा अर्ज देणार आहे. त्याचा मसुदा खाली देत आहे. तो वाचून यजमान म्हणाले की यातून राग कळतो, पण काय झाले ते कळत नाही. कृपया नीट मांडणी सुचवावी.

> मा. सचिव साहेब,
> आम्ही गेली नऊ वर्षे या इमारतीत राहत असून दरमहा मेन्टेनन्स वेळेवर भरत आहोत. तरीसुद्धा आमच्या तक्रारीकडे सतत दुर्लक्ष केले जात आहे. भिंतीला ओल येऊन घराची वाताहत झाली आहे. वारंवार फोन केले, ग्रुपवर फोटो टाकले, अर्जही दिला, पण उपयोग झाला नाही. उलट वरच्यांशी बोला असे उत्तर देऊन आमची बोळवण करण्यात आली. मागच्या वर्षी पार्किंगच्या वेळीही आम्हाला असाच अनुभव आला होता. चौकीदार रात्री जागेवर नसतो. मेन्टेनन्स वाढवताना मात्र तत्परता दाखवली जाते. घरात लहान मूल आहे, ओलीमुळे त्याला सतत सर्दी होते. तरी तात्काळ योग्य ती कार्यवाही करावी व आमची नुकसानभरपाई द्यावी, अन्यथा आम्हाला पुढील पावले उचलावी लागतील.

वर्धारोड_७७ | २ नोव्हेंबर

ताई, समितीला आणखी अर्ज देऊन उपयोग नाही. थेट उपनिबंधकांकडे तक्रार करा आणि प्रत महापालिकेला, पोलीस ठाण्याला व जिल्हाधिकाऱ्यांना द्या. उपविधीप्रमाणे पंधरा दिवसांत दुरुस्ती करणे समितीवर बंधनकारक आहे. ती झाली नाही तर समिती बरखास्त होऊ शकते. अर्जात हेच ठळकपणे लिहा.

निवृत्त_लेखनिक | २ नोव्हेंबर

मी सहकार खात्याशी संबंधित कार्यालयात आवक-जावक आणि पत्रव्यवहाराचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून दोन गोष्टी आधी स्पष्ट करतो.

वर्धारोड यांनी सांगितलेला पंधरा दिवसांचा आकडा बरोबर आहे, पण तो दुरुस्तीचा नाही. आदर्श उपविधीत तरतूद अशी आहे की सदस्याचा लेखी तक्रार अर्ज आल्यावर समितीने पुढच्या सभेत त्यावर निर्णय घ्यावा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो निर्णय अर्जदाराला कळवावा. समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी अशीही अपेक्षा आहे. म्हणजे अर्ज दिल्यापासून साधारण दीड महिन्यात तुमच्या हाती लेखी उत्तर पडले पाहिजे, आणि ते ‘नाही’ असेही असू शकते. तुम्ही ‘पंधरा दिवसांत दुरुस्ती बंधनकारक’ असे लिहिलेत, तर ज्याला उपविधी ठाऊक आहेत तो वाचक तुमचे बाकीचे म्हणणेही त्याच मापाने मोजील.

दुसरे असे की त्याच आदर्श उपविधीत कोणता वाद कोठे न्यावा याची विभागणी दिलेली आहे आणि दुरुस्ती व गळती हे विषय तेथे सहकारी न्यायालयाकडे दाखवले आहेत. समितीने कागदपत्रे दाखवली नाहीत किंवा त्यांच्या प्रती दिल्या नाहीत, तर तो विषय निबंधकांकडे जातो. ओलीच्या तक्रारीची प्रत चार कार्यालयांना पाठवलीत, तर बहुधा चारही ठिकाणांहून ‘संबंधित प्राधिकरणाकडे दाद मागावी’ असे उत्तर येईल आणि तेवढे महिने वाया जातील.

आता मसुद्याकडे वळू. प्राचीताई, समिती तुम्हाला एकच गोष्ट सांगत आहे की पाणी वरच्या सदनिकेतून येते, आणि तुमच्या अर्जात त्याला उत्तर देणारे एकही वाक्य नाही. अर्ज पुन्हा लिहिण्याआधी मला फक्त तारखा सांगा. ओल पहिल्यांदा केव्हा दिसली? उन्हाळ्यात वरच्यांचा कूलर चालू होता तेव्हा भिंत कशी होती? कोणत्या दिवसानंतर ओल वाढली? कोणाला, केव्हा आणि कशा प्रकारे कळवले? नेमका दिवस आठवत नसेल तर मोबाइलमधले फोटो पाहा, कारण फोटोबरोबर त्याची तारीख नोंदलेली असते.

त्रिमूर्तीनगर_रहिवासी | ३ नोव्हेंबर

आमच्याकडे हाच प्रश्न दोन वर्षांपासून चालू आहे, फरक एवढाच की गळती गच्चीची आहे. मी वरील उपविधींचा हवाला देऊन अर्ज दिला, तर अध्यक्षांनी सांगितले की हे आपल्याला लागूच नाहीत. हे खरे असू शकते का? आम्ही सर्व जण सोसायटीच म्हणतो आणि मेन्टेनन्सच्या पावतीवरही तसेच छापलेले आहे.

निवृत्त_लेखनिक | ३ नोव्हेंबर

त्रिमूर्तीनगर, तुमच्या अध्यक्षांचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या नागपुरात कित्येक इमारती सहकारी संस्था म्हणून नोंदवलेल्या नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली आहेत, आणि बोलताना मात्र सगळेच सोसायटी म्हणतात. तुमच्या खरेदीखतात ‘डीड ऑफ डिक्लरेशन’चा उल्लेख आहे का आणि तुमच्या नावावर भाग-प्रमाणपत्र आहे की ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ आहे, ते पाहा. अपार्टमेंट असेल तर तुमचे उपविधी त्या घोषणापत्राला जोडलेले असतात आणि संदर्भात तेच लिहावे लागतात. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, त्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेले प्रकरण आणि सहकारी न्यायालय यांचा तुमच्या अर्जात उल्लेख नको. अर्जाची मांडणी मात्र तीच राहील. तुमच्या गच्चीसाठी वेगळा धागा काढलात तर मी तेथे अवश्य लिहीन.

प्राची_मनीषनगर | ४ नोव्हेंबर

काका, आमच्याकडे भाग-प्रमाणपत्र आहे, म्हणजे संस्था सहकारीच आहे. रात्री बसून फोटो व संदेश तपासले आणि मलाच ठाऊक नसलेल्या काही गोष्टी त्यातून निघाल्या.

गुढीपाडव्याच्या आधी आम्ही घर रंगवले होते. २२ मार्चचा फोटो आहे, भिंत स्वच्छ आहे. एप्रिल-मे महिन्यांत वरच्यांचा कूलर दिवसरात्र चालू होता, तरी भिंत कोरडी होती, कारण १८ मे रोजी मुलाच्या वाढदिवसाचे फोटो त्याच भिंतीपुढे काढले आहेत. ओल पहिल्यांदा २७ जूनला दिसली. तेव्हा तळहाताएवढा डाग होता. २८ जूनला तो फोटो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ८ जुलैच्या रात्री जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डाग दोन फूट झाला होता. यजमानांनी त्या दिवशी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहून ठेवली, ती अजून भिंतीवर आहे. १२ जुलैला सचिवांच्या घरी जाऊन हाताने अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. ३ ऑगस्टला समितीचे लेखी उत्तर आले.

आणि एक गोष्ट मी पूर्ण विसरले होते. वरचे कुटुंब राखीपौर्णिमेला, म्हणजे ९ ऑगस्टला, गावी गेले ते १९ ला परतले. जाताना त्यांनी मुख्य वाल्व बंद करून किल्ली आमच्याकडे ठेवली होती. त्या काळात १५ तारखेला पाऊस झाला आणि १६ च्या सकाळी ओल पेन्सिलीच्या रेघेच्या चार इंच पुढे गेलेली होती. त्याचाही फोटो आहे.

निवृत्त_लेखनिक | ४ नोव्हेंबर

ताई, तुमचा सगळा अर्ज या शेवटच्या परिच्छेदात आहे. वरच्या घरात माणूस नाही, वाल्व बंद आहे, पाऊस झाला आणि ओल वाढली, एवढे चार तारखांसह लिहिले की ‘वरच्यांशी बोला’ या उत्तरावर समितीला पुन्हा विचार करावाच लागेल. मार्च आणि मे महिन्यांतले फोटोही तितकेच मोलाचे आहेत. न्हाणीघर बारा महिने वापरात असते आणि कूलर उन्हाळ्यात चालतो. दोन्ही चालू असताना भिंत कोरडी होती, हे त्या फोटोंवरून दिसते.

आता संदर्भ ओळीविषयी. संदर्भात फक्त कागदावर असलेल्या आणि तारीख असलेल्या गोष्टी याव्यात, म्हणजे आपला आधीचा अर्ज, समितीचे उत्तर त्यावरील जावक क्रमांकासह, आणि उपविधीतील तरतूद. फोन आणि तोंडी बोलणे घटनाक्रमात जाते, संदर्भात नाही. व्हॉट्सॲपच्या संदेशाची छापील प्रत काढून सोबत जोडली तर तो संदर्भात घेण्यास हरकत नाही. १२ जुलैच्या अर्जाची पोच नाही, हे लपवू नका. ‘समक्ष दिलेला अर्ज, प्रत सोबत’ असे लिहा. समितीच्या ३ ऑगस्टच्या उत्तरात त्या अर्जाचा उल्लेख असेल तर अर्ज मिळाल्याची तीच पोच ठरते. उत्तराची पहिली ओळ पुन्हा वाचून पाहा.

उपविधीचा क्रमांक मी येथे देणार नाही. जुन्या आणि नव्या छापील प्रतींत क्रमांक मागेपुढे झालेले आहेत आणि तुमच्या संस्थेने कोणती आवृत्ती नोंदवून घेतली ते मला माहीत नाही. संस्थेची स्वतःची नोंदणीकृत पुस्तिका उघडून दुरुस्ती व देखभालीचे कलम वाचा. संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांच्या यादीत पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळाची व सांडपाण्याच्या पाइपची गळती दिलेली असते, तर घराच्या आतील शौचालय, सिंक यांची गळती सदस्याने स्वतः दुरुस्त करायची असते. तुमचा सगळा वाद या दोन ओळींमधला आहे.

सचिव_प्रतापनगर | ५ नोव्हेंबर

मी दुसऱ्या एका संस्थेचा सहा वर्षांपासून सचिव आहे, म्हणून अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आम्हा बहुतेकांचे हे काम नोकरी सांभाळून चाललेले असते. सभेच्या दिवशी माझ्यापुढे पाच-सहा अर्ज असतात आणि प्रत्येकाखाली मला ठरावाचे एक वाक्य लिहायचे असते. ज्या अर्जात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असे असते त्याखाली मी ‘पाहणी करण्याचे ठरले’ असे लिहितो. कोणी, केव्हा, कोणासमक्ष हे त्यात काहीच नसते आणि पुढच्या सभेपर्यंत तो विषय तसाच राहतो. अर्जदाराने मागणी अशा शब्दांत लिहावी की ती उचलून तशीच इतिवृत्तात घालता येईल.

पार्किंग आणि चौकीदार हे विषय या अर्जातून काढून टाकावेत. ते खोटे आहेत म्हणून नव्हे. अर्जात तीन विषय असले की सभेत सोप्या विषयावर चर्चा होते. चौकीदाराला समज देण्याचे ठरते आणि तुमच्या अर्जावर कार्यवाही झाली अशी नोंद होते. हे मी स्वतः होताना पाहिले आहे. त्या विषयांसाठी स्वतंत्र अर्ज द्या.

पहिल्याच अर्जाची प्रत निबंधकांना देण्याच्या मी विरोधात आहे, कारण तशी प्रत दिसली की समितीतले सदस्य भिंत पाहण्याऐवजी स्वतःचा बचाव लिहू लागतात.

वर्धारोड_७७ | ५ नोव्हेंबर

सचिव साहेबांशी मी सहमत नाही. हा ताईंचा पहिला अर्ज नाही, दुसरा आहे, आणि समितीने एकदा लेखी हात झटकलेले आहेत. आमच्या इमारतीत निबंधक कार्यालयाचे पत्र येईपर्यंत लिफ्टची दुरुस्ती झाली नव्हती. पंधरा दिवसांच्या मुद्द्यावर माझी चूक झाली, ते मान्य आहे. पण वरचे कार्यालय पाहते आहे हे समितीला कळलेच पाहिजे.

स्थापत्य_अभियंता | ६ नोव्हेंबर

घटनाक्रम वाचला. निष्कर्ष बराचसा पटतो, पण एक मर्यादा सांगतो. न्हाणीघराचा स्लॅब बहुतेक ठिकाणी खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे व कोबा भरलेला असतो. त्या भरावात साचलेले पाणी वरचा वापर थांबल्यावरही काही दिवस झिरपत राहते. त्यामुळे घर बंद असतानाही ‘भिंत ओली होती’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तुमच्याकडे त्याहून चांगली नोंद आहे. वापर बंद होऊन आठवडा झाल्यावर ओल कमी व्हायला हवी होती, ती पावसानंतर चार इंचांनी वाढली. म्हणून ‘ओल होती’ असे न लिहिता ‘ओल रेघेपुढे चार इंच वाढली’ असेच लिहा आणि फोटोत फूटपट्टी धरली नसेल तर आता रेघेपासून मोजून पुन्हा फोटो घ्या.

मला एक विचारायचे आहे. आज भिंत कशी आहे?

प्राची_मनीषनगर | ६ नोव्हेंबर

सर, हेच लिहावे की नाही असा मला प्रश्न पडला होता. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, कपाट सरकवले तेव्हा भिंतीचा खालचा भाग हाताला गार व ओलसर लागला. डाग वाढलेला नव्हता, पण पूर्ण वाळलेलाही नव्हता आणि प्लास्टरवर मिठासारखी पांढरी बुरशी आलेली होती. हे लिहिले तर समिती म्हणेल की पाऊस नसतानाही ओल आहे, म्हणजे पाणी वरच्यांचेच आहे.

स्थापत्य_अभियंता | ६ नोव्हेंबर

ते पांढरे बहुधा बुरशी नसून क्षार आहेत. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडून वाळताना ते मागे राहतात. विटांची भिंत आतपर्यंत भिजली असेल तर वाळायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे डाग न वाढता भिंत ओलसर असणे यात विसंगती नाही. पण दुसरी शक्यताही खरी आहे. डक्टमधला सामाईक सांडपाण्याचा पाइप एखाद्या जोडापाशी थोडा थोडा गळत असू शकतो. किंवा वरच्यांच्या न्हाणीघरातून निघून त्या सामाईक पाइपला मिळणाऱ्या आडव्या तुकड्यात दोष असू शकतो. घरात बसून हे सांगता येणार नाही.

त्यासाठी सोपी चाचणी आहे. वरच्या न्हाणीघराचे जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी नीळ घालून चोवीस तास उभे ठेवायचे. खाली निळसर ओल आली तर दोष त्यांच्या जमिनीत आहे. न आल्यास तोंड उघडून तेच पाणी एकदम सोडायचे आणि एक माणूस डक्टमध्ये उभा करून पाइपचे जोड पाहायचे. डक्टच्या बाजूच्या प्लास्टरला भेगा असतील तर त्याही तेव्हाच दिसतात. कोरड्या दिवसांत केलेली ही चाचणी पावसाचे पाणी वगळते, म्हणून नोव्हेंबर हा तिच्यासाठी योग्य काळ आहे. मागणीत हीच चाचणी लिहा.

निवृत्त_लेखनिक | ६ नोव्हेंबर

२२ ऑक्टोबरची नोंद अर्जात घालावी असे माझे ठाम मत आहे. उद्या समितीचा माणूस पाहणीला येईल आणि भिंतीला हात लावील. तुम्ही न सांगितलेली गोष्ट त्याला सापडली तर तुमच्या बाकीच्या तारखांवरही संशय येईल. तुम्हीच सांगितलीत तर ती पाहणीचे कारण ठरते.

मुलाच्या सर्दीविषयी लिहायला हरकत नाही, पण ते एका वाक्यात आणि घटनाक्रमानंतर लिहा. नुकसानभरपाई या अर्जात मागू नका, हक्क राखून ठेवा. दोष कोणाचा हे ठरण्याआधी रक्कम मागितली की पूर्ण चर्चा रकमेवर होते.

प्राची_मनीषनगर | ८ नोव्हेंबर

आपल्या सर्वांच्या सूचनांवरून अर्ज पुन्हा लिहिला आहे. काकांनी सांगितल्याप्रमाणे समितीचे उत्तर पुन्हा वाचले. ‘आपला दि. १२ जुलैचा अर्ज प्राप्त’ अशीच त्याची सुरुवात आहे. वरच्या काकूंनी गावी गेल्याच्या तारखा लिहून सही करून दिल्या. चाचणीला त्या तयार आहेत, फक्त आधी दिवस सांगावा असे म्हणाल्या. येथे क्रमांक गाळून देत आहे.

> दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५
>
> प्रति,
> मा. सचिव, व्यवस्थापक समिती
>
> विषय : सदनिका क्र. … च्या डक्टलगतच्या भिंतीतील ओलीचे कारण संयुक्त पाहणीने निश्चित करून दुरुस्ती करण्याबाबत.
>
> संदर्भ :
> १) माझा दि. २८ जून २०२५ चा संस्थेच्या ग्रुपवरील छायाचित्रासह संदेश (छापील प्रत सोबत)
> २) माझा दि. १२ जुलै २०२५ चा समक्ष दिलेला अर्ज (प्रत सोबत)
> ३) समितीचे जा. क्र. …, दि. ३ ऑगस्ट २०२५ चे उत्तर
> ४) संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीतील दुरुस्ती व देखभालीबाबतची तरतूद क्र. … आणि तक्रार अर्जाबाबतची तरतूद क्र. …
>
> महोदय,
>
> संदर्भ क्र. ३ अन्वये समितीने ही ओल वरील सदनिकेतून येत असल्याचे कळवले आहे. तथापि खालील घटनाक्रम पाहता ही बाब प्रत्यक्ष पाहणीशिवाय निश्चित करता येणार नाही, असे माझे नम्र म्हणणे आहे.
>
> २२ मार्च : घराचे रंगकाम पूर्ण झाले. भिंत कोरडी (छायाचित्र १).
> १८ मे : वरील सदनिकेतील न्हाणीघर व कूलर नियमित वापरात असताना भिंत कोरडी (छायाचित्र २).
> २७ जून : तळहाताएवढी ओल प्रथम दिसली. दुसऱ्या दिवशी संदर्भ क्र. १ अन्वये कळवले.
> ९ जुलै : आदल्या रात्रीच्या पावसानंतर ओल सुमारे दोन फूट. भिंतीवर पेन्सिलीने सीमा आखून तारीख नोंदवली (छायाचित्र ३). दि. १२ रोजी संदर्भ क्र. २ चा अर्ज दिला.
> ९ ते १९ ऑगस्ट : वरील सदनिका बंद, पाण्याचा मुख्य वाल्व बंद (रहिवाशांचे सहीचे निवेदन सोबत).
> १६ ऑगस्ट : आदल्या दिवशीच्या पावसानंतर ओल आखलेल्या सीमेपुढे चार इंच वाढली (छायाचित्र ४).
> २२ ऑक्टोबर : ओल वाढलेली नाही, तथापि भिंतीचा खालचा भाग अद्याप ओलसर असून प्लास्टरवर क्षार दिसतात (छायाचित्र ५).
>
> यावरून ओल पावसाबरोबर वाढल्याचे दिसते. ऑक्टोबरमधील ओलसरपणाचे कारण मला निश्चितपणे सांगता येत नाही. ही खोली आमच्या लहान मुलाची असून ती सध्या वापरता येत नाही.
>
> तरी विनंती आहे की,
> अ) माझ्या व वरील सदनिकेच्या रहिवाशांच्या समक्ष, दि. ३० नोव्हेंबर २०२५ पूर्वी, जाणकार व्यक्तीकडून डक्ट, सामाईक पाइप व वरील न्हाणीघर यांची रंगीत पाण्याच्या चाचणीसह पाहणी करावी व तिचा लेखी निष्कर्ष दोन्ही सदस्यांना द्यावा.
> आ) दोष सामाईक पाइप वा बाहेरील भिंतीत आढळल्यास, संदर्भ क्र. ४ नुसार संस्थेच्या खर्चाने दुरुस्ती करण्याचा कालावधी ठरवून कळवावा.
> इ) हा अर्ज समितीच्या पुढील सभेत ठेवून त्यावरील निर्णय त्यानंतर १५ दिवसांत लेखी कळवावा.
>
> माझ्या घरातील नुकसानीबाबतचा हक्क मी राखून ठेवत आहे.
>
> आपली विश्वासू,
> (सही) सदस्य, सदनिका क्र. …
>
> सोबत : वरीलप्रमाणे छायाचित्रे ५, पत्रव्यवहाराच्या प्रती ३, निवेदन १.

सचिव_प्रतापनगर | ८ नोव्हेंबर

माझ्यापुढे हा अर्ज आला असता तर ‘अ’ मी जसाच्या तसा ठरावात लिहिला असता. एकच सूचना आहे. ‘जाणकार व्यक्ती’ऐवजी ‘परवानाधारक प्लंबर अथवा स्थापत्य अभियंता’ असे लिहा. नाहीतर समितीतील एखादे सदस्यच पाहणी करून जातील आणि खर्च कोणाचा हा वाद नंतर निघेल.

वर्धारोड_७७ | ८ नोव्हेंबर

अर्ज चांगला झाला आहे. पण दोष त्या आडव्या तुकड्यात निघाला तर काय? तो तुकडा वरच्यांचा की संस्थेचा, हे तुमच्या ‘आ’ मध्ये येत नाही.

निवृत्त_लेखनिक | ९ नोव्हेंबर

प्रश्न योग्य आहे आणि त्यावर मी दोन्ही प्रकारचे निर्णय झालेले पाहिले आहेत. काही संस्था सामाईक पाइपच्या जोडापर्यंतचा भाग सदस्याचा मानतात, तर काही संस्था भिंतीबाहेरचे सगळेच आपले मानतात. उपविधीत ‘बाहेरील’ आणि ‘सामाईक’ असे दोन्ही शब्द आहेत. तो तुकडा बाहेर आहे, पण सामाईक नाही. निष्कर्ष येण्याआधी अर्जात हा मुद्दा उघडू नये असे मला वाटते, पण सर्वसाधारण सभेत त्यावर ठराव करून घ्यावा, कारण तुमच्या सोळाही सदनिकांना असा तुकडा आहे.

पोच घ्यायला मात्र विसरू नका. दुसऱ्या प्रतीवर नाव, सही, तारीख आणि संस्थेचा शिक्का घ्या. नकार दिला तर भांडू नका, पोचसह स्पीड पोस्टाने संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि पावती प्रतीला टाचून ठेवा.

प्राची_मनीषनगर | १६ नोव्हेंबर

प्लंबरविषयीची दुरुस्ती करून अर्ज ९ तारखेला दिला. सचिवांनी पहिले पान पूर्ण वाचले, १६ ऑगस्टच्या ओळीपाशी थांबून छायाचित्र पाहिले आणि काही न बोलता शिक्का मारून आवक क्रमांक टाकला. काल सभा झाली. २३ तारखेला सकाळी दहा वाजता चाचणी ठेवली आहे. प्लंबरचा खर्च तूर्त संस्था करील आणि दोष आतला निघाल्यास वरच्या सदनिकेकडून वसूल करील असे ठरले. काकूंना हे मान्य नाही. त्या म्हणतात की चाचणीला होकार दिला होता, खर्चाला नाही. त्यांनी तसे समितीला लिहून द्यावे की चाचणी होईपर्यंत थांबावे, याविषयी काका किंवा सचिव साहेब यांनी सांगावे. निवेदन त्यांनी माझ्या शब्दावर दिले होते, म्हणून हे विचारत आहे.

सचिव_प्रतापनगर | १६ नोव्हेंबर

चाचणीआधीच द्यावे. दोन ओळी पुरेत : ‘चाचणीस संमती आहे, खर्चाच्या वसुलीस संमती दिलेली नाही, निष्कर्ष आल्यावर म्हणणे मांडू.’ संदर्भात कालच्या सभेची तारीख घालावी आणि पोच घ्यावी. त्यांचा अर्ज त्यांनीच लिहावा, तुमच्या अर्जाला जोडू नये.